वाचनाचा नंबर वगळावा का?

"माझा मुलगा सातवीत आहे. आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरी मराठी, शेजारीपाजारी कोंकणी आणि शाळेत इंग्रजी. तो चार वर्षांचा असल्यापासून अडखळतो. शब्द ठाऊक असतो, पण तोंडातून निघत नाही. मग मांडीवर बोटं आपटतो, डोळे मिटतो. गेल्या वर्षी वर्गात वाचताना मुलं हसली. त्या दिवशी तो जेवला नाही, म्हणून मीच शाळेत जाऊन सांगितलं की त्याला वाचायला उठवू नका. त्यांनी ऐकलं. आता तो म्हणतो, 'माझा नंबर येतच नाही.' यंदा मराठीच्या टीचर नवीन आहेत. त्या म्हणतात, वाचायला लावल्याशिवाय भीती जाणार नाही. सासरे म्हणतात, चवथीला घुमटावर आरत्या एवढ्या खणखणीत म्हणतो, म्हणजे ही नुसती सवय, दटावलं की जाईल. सासूबाई वेखंड उगाळून देतात. कुणी म्हणतं जिभेखालची शीर कापा, कुणी म्हणतं तीन भाषांनी गोंधळ झालाय, घरात एकच बोला. माझ्या धाकट्या भावालाही लहानपणी हेच होतं. त्याचं वाचन बंदच ठेवू की टीचरचं ऐकू?"

— एक आई

ताई,

वाचन बंद ठेवायचं की सुरू करायचं, हे दोन्ही मोठ्या माणसांनीच ठरवायचं असं तुम्ही धरून चालला आहात. मुलाला काय हवंय ते पत्रात कुठेच आलेलं नाही. "माझा नंबर येतच नाही" हे तो सुटल्यासारखं म्हणाला की हिरमुसून, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. अशा मुलांबरोबर मी बरीच वर्षं काम केलं आहे, त्यावरून सांगते, बहुतेक वेळा दोन्ही खरं असतं. तासाला पोटात गोळा येत नाही म्हणून बरं वाटतं, आणि पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर वाचन सरकताना मध्ये आपल्याला गाळून पुढे जातात ते खुपतंही. म्हणून आधी त्यालाच विचारा. समोर बसवून, डोळ्यांत बघून नको. ताटात वाढताना, बाजारातून येताना, असं जाता जाता विचारा. "वर्गात वाचायचं झालं तर कसं झालेलं तुला चालेल?" एवढंच. उत्तर त्या दिवशी मिळणार नाही, कदाचित आठवड्याने मिळेल.

तुम्ही शाळेत गेलात ते योग्यच केलंत. घाव ताजा असताना त्याला थोडी उसंत हवी होती. पण ती कायमची व्यवस्था होऊ नये असं मला वाटतं. त्याचं कारण कळायला वाचनाच्या तासाला त्याच्या मनात काय चालतं ते नीट बघायला हवं.

धडा सुरू होतो. पहिल्या बाकावरची मुलगी पहिला परिच्छेद वाचते, दुसऱ्या बाकावरचा दुसरा. तुमचा मुलगा धडा ऐकत नसतो. तो बाकं मोजतो, परिच्छेद मोजतो, आपल्या वाट्याला कुठला येणार ते हेरतो आणि त्यातले आपल्याला नडणारे शब्द शोधतो. एरवी बोलताना त्याच्याकडे पळवाट असते. "पाणी" अडणार असं वाटलं की तो "तहान लागली" म्हणतो, आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. पुस्तकात ती पळवाट नसते, छापलेला शब्दच म्हणावा लागतो. स्वतःचं नाव सांगताना अशी मुलं सर्वांत जास्त अडतात तेही याच कारणाने. नावाला दुसरा शब्द नाही.

मग नंबर येतो. धड्यात म्हादई आहे असं समजा. "गोव्यातली म्… म्… म्…" इथपर्यंत निदान आवाज तरी असतो. पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला पुन्हा तोच शब्द येतो आणि आता आवाजही नाही. ओठ मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, बोटं मांडीवर. घड्याळात ते तीन-चार सेकंदच असतात. पण तेवढ्यात मागून कुणीतरी "म्हादई, म्हादई" असं पुरवतं, टीचर मायेनेच "सावकाश, सावकाश" म्हणतात, एकजण खाली बघतो, एकजण हसतो. मुलगा पुरवलेला शब्द घेतो, उरलेली ओळ घाईघाईने संपवतो आणि बसतो. त्या तासात तो एवढंच शिकतो की आपल्या तोंडात अडलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडून सुटतो.

आता वाचन पूर्ण बंद झालं की हा तास टळतो, पण टाळण्याची सवय शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. माझ्याकडे एक मुलगा येत असे. डिचोलीहून म्हापशाच्या बसने घरी जायचा, उतरायचं मुळगावला. कंडक्टर समोर आला की त्याला "मुळगाव" म्हणता येईना, म्हणून तो "अस्नोडा" म्हणायचा. अस्नोडा पुढे आहे. जास्त पैसे द्यायचे, पुढे जाऊन उतरायचं आणि दप्तर घेऊन मागे चालत यायचं. घरच्यांना वाटे, पोरगा मित्रांबरोबर रेंगाळतो. त्या मुलाचं अडखळणं कानाला फार कमी जाणवायचं. दिवसभरात तो जेमतेम दोन-तीनदा अडायचा. त्याचा त्रास त्या दोन-तीन अडण्यांचा नव्हता, त्यांना चुकवण्यासाठी तो जे जे करत होता त्याचा होता. म्हणून तुमच्या मुलाची प्रगती "आज किती वेळा अडला" यावर मोजू नका. कुठे बोलायचं टाळलं, कुठे शब्द बदलला, कुठे दुसऱ्याला बोलायला लावलं, यावर लक्ष ठेवा.

नव्या टीचरचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या म्हणण्यातलं अर्धंच मला पटतं. टाळल्याने भीती वाढते हे खरं. पण काहीच न बदलता त्याला उभं केलं, तर तो गेल्या वर्षीच्याच अनुभवाकडे परत जाईल, आणि तो अनुभव भीती घालवणारा नव्हता.

सासऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांनी जे पाहिलं ते बरोबर आहे. घुमट-शामेळाच्या ठेक्यावर आरती म्हणताना तो खरोखरच अडत नाही. अडखळणाऱ्या बहुतेक माणसांचं असंच असतं. गाताना शब्द पाठ असतात, आवाज एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सलग वाहतो, पुढचा शब्द कधी म्हणायचा ते ताल सांगतो आणि चारजण बरोबर म्हणत असतात. शिवाय त्या वेळी कुणी आपल्या उत्तराची वाट बघत नसतं. बोलताना यातलं काहीच नसतं. शब्द त्याच क्षणी जुळवायचा, वेळ आपणच साधायची, आणि समोरचा बघत असतो. अडचण आहे ती मेंदूने बोलण्याच्या बारीक हालचाली वेळेवर सुरू करण्यात, आणि हे बऱ्याच अंशी घराण्यातून येतं. तुमच्या भावाचा उल्लेख तुम्ही शेवटी सहज केलात, पण माझ्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. घाबरल्यामुळे, कुणाची नक्कल केल्यामुळे किंवा लाडावल्यामुळे हे सुरू होत नाही. भीतीने ते वाढतं, एवढंच. दटावण्याने तर हमखास वाढतं. आजोबांना त्याच्यासाठी काही करावंसं वाटत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं. हे काम वाटतं त्याहून कठीण आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ते केलं की बाकीचे आपोआप करतात.

वेखंड आणि शीर कापणं, दोन्हींच्या मागे समजूत एकच, की खोट जिभेत आहे. तसं असतं तर "म्हादई" हा शब्द त्याला कधीच नीट म्हणता आला नसता. पण एकटा असताना, मांजराशी बोलताना, कुणाबरोबर एका सुरात म्हणताना तोच शब्द तो सहज म्हणतो. जीभ खरंच खाली जखडलेली असेल तर ती वर उचलता येत नाही, काही ठरावीक अक्षरं नेहमीच वेगळी ऐकू येतात, आणि हे लहानपणीच लक्षात येतं. त्याच्यावर इलाज वेगळा आहे, अडखळण्याचा त्याच्याशी संबंध नाही. शस्त्रक्रिया करू नका. सासूबाईंना मात्र तोडून बोलू नका, कारण त्यांना वाटणारी काळजी खरी आहे. "आता तो मोठा झाला, त्याला नको वाटतं" म्हणून वेखंड थांबवा. तीन भाषांबद्दल तर निश्चिंत राहा. जास्त भाषांनी मूल अडखळायला लागत नाही, आणि घरातली एक भाषा काढून टाकल्याने अडखळणं जात नाही. उलट ज्या मित्रांशी तो कोंकणीत मोकळा बोलतो ते दारही बंद होईल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. लहान वयात अडखळणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांचं ते पहिल्या काही वर्षांत आपोआप ओसरतं. ज्यांचं बाराव्या वर्षापर्यंत राहिलं, त्यांचं पुढेही थोडंफार राहील असं धरून चालावं. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकजण अडखळतो, आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त असतात. उपचाराने ते हलकं होतं, शब्द कमी ताणाने सुटतो, टाळणं कमी होतं. पूर्ण जाईल अशी हमी कुणी देत असेल, तर तिथे पैसे भरू नका. ठरावीक दिवसांच्या शिबिरात मुलं ताल धरून, शब्द ओढून बोलायला शिकतात, शेवटच्या दिवशी व्यासपीठावर सुरळीत भाषण करतात आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत पुन्हा अडतात. मग मुलाला वाटतं, सगळ्यांना जमलं, माझंच काहीतरी चुकलं.

आता वाचनाचं. मी मधला रस्ता सुचवते, आणि तो मुलाने हो म्हटलं तरच. टीचरनी परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा, फार तर पाच ओळींचा. म्हणजे बाकं मोजत बसण्याचं कारण उरणार नाही. तासाला त्याचा नंबर पहिल्या दोन-तिघांत घ्यावा, कारण वाट बघण्यातच निम्मा ताण असतो. आणि सुरुवातीला त्याने एकट्याने वाचू नये, बाकावरच्या मित्राबरोबर एका सुरात वाचावं. दोघं एकत्र वाचू लागली की अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. हे जगभरच्या अडखळणाऱ्यांत दिसतं, आणि तुमच्या घरी आरतीला दिसतं तेही यातलंच आहे. त्याचं एकट्याचं वेगळेपण दिसू नये म्हणून टीचरनी सगळ्याच वर्गाला काही दिवस जोडीने वाचायला लावावं. वाचन कच्चं असलेल्या इतर मुलांनाही त्याचा फायदा होतो.

एकत्र वाचन म्हणजे बरं होणं नव्हे, हे आधीच समजून घ्या. मित्र थांबला की अडखळणं परत येतं. म्हणून पुढची पायरी अशी, की दोघांनी सुरुवात करायची आणि तुमच्या मुलाने पुस्तकावर बोट टेकवलं की मित्राने गप्प व्हायचं. पुढची ओळ त्याची एकट्याची. तो अडला तरी मित्राने शब्द पुरवायचा नाही. पुन्हा बोट टेकवलं तरच सुरात सूर मिळवायचा. म्हणजे आवाज कधी हवा आणि कधी नको, हे मुलाच्या हातात राहतं. पहिल्या आठवड्यात बोट टेकवल्यावर पहिल्याच शब्दाला तो अडेल, तेव्हा टीचरनी आणि तुम्ही दचकू नका. एक ओळ एकट्याची, मग दोन, असं वाढवत न्या. वाढवायचं की तिथेच थांबायचं ते त्याने सांगायचं. एखाद्या दिवशी अगदी नको वाटलं तर "आज नाही" असं म्हणायची, किंवा पुस्तक उलटं ठेवायची, मुभा असावी. मात्र त्याने पुढच्या वेळचा दिवस तिथेच ठरवावा.

आदल्या संध्याकाळी घरी तो परिच्छेद चार-पाच वेळा मोठ्याने वाचू दे. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला की अडण्याचं प्रमाण दर वाचनाला उतरत जातं. पहिल्यांदा एकट्याने, मग तुमच्याबरोबर, मग पुन्हा एकट्याने. दुसऱ्या दिवशी वर्गात ते थोडं चढलेलं असेल, पण पहिल्या वाचनाएवढं नाही. इथे आया एक चूक करतात. मनात मोजतात आणि शेवटी "बघ, एकदाच अडलास!" म्हणतात. कौतुकाचा हेतू असतो, पण मुलाला ऐकू येतं की न अडणं हीच परीक्षा आहे. मग पुढच्या वेळी तो शब्द चुकवायला लागतो. त्यापेक्षा धड्यात नदीला पूर कसा आला होता यावर बोला.

अडतो त्या क्षणी काय करायचं हे शिकवणं वाचा-उपचारतज्ज्ञाचं काम. तरी ते काय असतं एवढं तुम्हाला माहीत असावं, म्हणजे घरी कुणी उलट सल्ला देणार नाही. "म" म्हणताना ओठ मिटतात आणि लगेच सुटतात. अडल्यावर मूल ते आणखी दाबतं. पावसात चाक रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबावा तसं ते आहे, चाक अधिकच खोल जातं. म्हणून आधी त्याला ओठांचा तो दाब ओळखायला शिकवतात. आरशासमोर "म" मुद्दाम घट्ट धरायचा, मग दाब अर्धा करायचा, मग ओठ एकमेकांना नुसते टेकलेले ठेवायचे. हे जमलं की खऱ्या अडण्यात, शब्द न सोडता, मध्येच दाब कमी करून "म्‌‌‌म्हादई" असा हळूच पुढे सरकायचं. ते साधलं नाही आणि शब्द धडपडत बाहेर पडला, तर क्षणभर थांबून तोच शब्द पुन्हा हलक्या ओठांनी म्हणायचा. यात अडखळणं ऐकू येतंच. ते लपवायचं नसतं, त्यातली कुस्ती काढायची असते. मुद्दाम सोप्या जागी थोडं अडखळून दाखवायचाही सराव असतो. पालकांना तो विचित्र वाटतो, पण ज्याने स्वतःहून अडखळून पाहिलं त्याला ते लपवायची निकड कमी वाटते.

बोटं आपटणं आणि डोळे मिटणं यावर त्याला टोकू नका. कधीतरी बोट आपटताना शब्द सुटला, म्हणून ते चिकटलं. आता त्याने शब्द सुटत नाही, पण सवय उरली. दाब कमी झाला की तीही बहुधा ढिली पडते.

टीचरना आणखी तीन गोष्टी सांगा. तो अडला की "सावकाश", "श्वास घे", "घाबरू नको" काही म्हणू नये. नजर त्याच्याकडे साधी ठेवावी आणि थांबावं. हजेरीला "येस टीचर" म्हणायला त्याला जड जात असेल, तर सगळ्याच वर्गाने हात वर करावा. एका शब्दाच्या उत्तरासाठी त्याला रोज सकाळी झुंजायला लावण्यात काही अर्थ नाही. आणि तोंडी परीक्षेत उच्चार, समज, विरामचिन्हांची जाण यांना गुण द्यावेत, थांबण्याचे कापू नयेत, आणि थोडा जास्त वेळ द्यावा. हे तिसरं मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी बोलणं वर्ष बदललं की विसरतं.

हसण्याचं काय? मुलं बहुतेकदा काय करावं ते न कळल्यामुळे हसतात. टीचरनी एकदा वर्गाला सांगितलं की "तो अडतो तेव्हा शब्द त्याला माहीत असतो, आपण पुरवायचा नाही, थांबायचं", तर पुष्कळ फरक पडतो. पण हे त्याच्या परवानगीने, आणि तो वर्गात असताना सांगायचं की नसताना, तेही त्याने ठरवावं. काही मुलं हे स्वतः सांगतात. "मी बोलताना अडतो, जरा थांब" एवढं एक वाक्य नव्या माणसाला आधीच सांगितलं की लपवण्याचा ताण उतरतो. चिडवणं मुद्दाम आणि रोजचं असेल, त्याची नक्कल करून व्हिडिओ काढणं वगैरे, तर ती छळवणूक आहे. तिथे समजावणं पुरत नाही, शाळेला लेखी तक्रार करा.

घरात तुम्ही स्वतः एक बदल करा. सकाळी पोदेराची पों-पों ऐकू आली की पाव कोण आणतं? बहुतेक घरांत अशा मुलाच्या वतीने आईच खिडकीतून ओरडते, "दोन पोळी, चार उंडे!" तो जाईल तेव्हा त्यालाच मागू द्या. पोदेर ओळखीचा, वाक्य छोटं, मागे रांग नाही. "उंडे" अडला तर अडू दे, आणि तुम्ही खिडकीशी उभ्या राहू नका. जेवताना एकाचं बोलणं संपल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचं नाही हा नियम सगळ्यांना लावा, त्याच्या बहिणीला आणि बाबांनाही. तुमचं स्वतःचं बोलणं किंचित संथ ठेवा. त्याला "हळू बोल" सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

उपचारासाठी बांबोळीला गोमेकॉच्या कान-नाक-घसा विभागात वाचा-उपचाराची चौकशी करा. खासगी तज्ज्ञाकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारा. नोंदणी असलेली माणसं ती विनासंकोच दाखवतात. पहिल्या भेटीत त्याच्याशी गप्पा, त्याचं थोडं वाचन आणि तो कुठे कुठे बोलायचं टाळतो याची चौकशी, एवढं व्हायला हवं. नुसती जीभ बघून व्यायाम लिहून दिले तर दुसरीकडे जा. लांब जायची तयारी असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि म्हैसूरला 1965 पासून चालणारी अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था. थोडा मोठा झाला की द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या स्वमदत गटांत त्याला अडखळणारी आणि तरी नोकरी, संसार, भाषणं करणारी माणसं भेटतील. तोवर तुमचा भाऊ आहेच. त्याला एकदा बोलवा आणि शाळेत तो वाचनाच्या तासाला काय करायचा ते भाच्याला सांगू द्या. भाऊ आजही अडत असेल तर जास्तच चांगलं, त्याने लपवू नये.

वाचनाच्या दिवशी सकाळी पोट दुखू लागलं, मित्रांशीही बोलणं कमी झालं, किंवा शाळेला जायचं नाही म्हणू लागला, तर मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी शाळेतल्या समुपदेशकांना भेटा. बोलण्यातले अडथळे तसेच असूनही मूल आतून खचलेलं असू शकतं.

टीचरना द्यायची चिठ्ठी शक्य तर त्यानेच लिहावी. अशी काहीतरी: "मी वाचताना काही शब्दांना अडतो. शब्द मला येतो. कृपया थांबा, पुरवू नका. माझा परिच्छेद आदल्या दिवशी सांगा. सुरुवातीला मी मित्राबरोबर वाचेन. नको असेल तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवीन." खाली त्याची सही, मग तुमची. पहिल्या घटक चाचणीनंतर टीचर, तो आणि तुम्ही दहा मिनिटं बसा आणि चिठ्ठीतलं काय ठेवायचं, काय बदलायचं ते त्यालाच सांगू द्या. चिठ्ठीची एक प्रत घरी ठेवा. आठवीत वर्गशिक्षक बदलले की त्यांना ती पहिल्याच आठवड्यात लागेल.